मदत हवी आहे : नरसिंह राव यांच्या वारशाचे मूल्यमापन, दोन याद्यांच्या पलीकडे कसे न्यावे?

शाल्मली_वाचते
नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम.ए. करत असून मला पुढील प्रश्नावर निबंध लिहायचा आहे : 'पंतप्रधान म्हणून पी. व्ही. नरसिंह राव यांच्या वारशाचे (1991 ते 1996) अनुकूल व प्रतिकूल पुराव्यांच्या आधारे मूल्यमापन करा.' माझ्या मसुद्यात एका बाजूला परवाना पद्धतीचा शेवट, आर्थिक संकटातून सुटका आणि पंचायत राज घटनादुरुस्ती आहे, तर दुसऱ्या बाजूला बाबरी मशिदीचा विध्वंस आणि 1993 च्या अविश्वास ठरावातील लाच प्रकरण आहे. शेवटी मी 'त्यांचा वारसा संमिश्र आहे' असे लिहिले होते. बाईंनी त्यावर 'या दोन याद्या झाल्या, मूल्यमापन कुठे आहे?' असा शेरा मारला आहे. तो मला पटतो, पण पुढे काय करावे हे उमगत नाही.

रामटेकचा_मतदार
आमच्या रामटेकमधून राव 1984 आणि 1989 मध्ये निवडून गेले. त्यांनी मतदारसंघासाठी काय केले, याचा हिशेब आधी मांडावा असे मला वाटते.

शाल्मली_वाचते
धन्यवाद, पण प्रश्न पंतप्रधानपदाच्या पाच वर्षांपुरता आहे. 1991 ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी लढवलीही नव्हती, नंतर ते नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले.

निवृत्त_परीक्षक
मी अनेक वर्षे अशा उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. याद्या होतात, कारण विद्यार्थी घटना मोजतो, पण त्या घटनेत नेत्याचा वाटा किती होता हे तोलत नाही. प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारावेत : निर्णय खरोखर त्यांच्या हातात होता का, त्या वेळी त्यांच्यासमोर कोणती माहिती होती, आणि दुसरा मार्ग उपलब्ध होता का.

परवाना पद्धतीचे उदाहरण घ्या. जून 1991 मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते, त्यामुळे नाणेनिधीच्या दबावाखाली कोणत्याही सरकारला काही पावले उचलावीच लागली असती. केवळ 'संकटातून सुटका' लिहिल्याने राव यांचा वाटा दिसत नाही. तो दिसतो तो अशा ठिकाणी, की उद्योग खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते आणि 24 जुलै 1991 रोजी, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, त्याच खात्याचे औद्योगिक धोरण सभागृहात आले, ज्याने 18 उद्योग वगळता परवान्याची अट काढून टाकली.

आता याच्या उलट जाणारा पुरावाही नोंदवा. रुपयाचे अवमूल्यन 1 आणि 3 जुलैला दोन टप्प्यांत झाले. पहिल्या टप्प्यानंतर राव कचरले आणि त्यांनी दुसरा टप्पा थांबवण्यास सांगितले, परंतु मनमोहन सिंग यांचा निरोप रिझर्व्ह बँकेत पोहोचेपर्यंत तो अमलात आलेला होता. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे धाडस आणि धास्ती एकाच महिन्यातली आहेत हे दिसते, आणि मूल्यमापनाला तिथून सुरुवात होते.

हिंगणा_कारखानदार
माझ्या वडिलांचा प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंचा छोटा कारखाना होता. मालाला राखीव क्षेत्राचे संरक्षण होते. 2003 मध्ये तो बंद झाला आणि अकरा कामगार घरी बसले. या धोरणाने आमच्यासारख्यांचे काय झाले, हे प्रतिकूल बाजूला कुणीच लिहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निवृत्त_परीक्षक
आपले दुःख खरे आहे आणि निबंधात त्याला जागाही आहे, पण कारण जोडताना काळजी घ्यावी लागेल. 1991 च्या धोरणाने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंच्या यादीला हात लावला नव्हता. त्या वस्तू मुख्यतः 1997 नंतर, पुढच्या सरकारांच्या काळात, टप्प्याटप्प्याने वगळल्या गेल्या आणि ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरचे उरलेले निर्बंध 2001 मध्ये उठले. राव यांनी दिशा ठरवली असे म्हणता येते, पण आपल्या कारखान्यावरचा थेट घाव त्यांच्या निर्णयाचा होता असे म्हणता येत नाही. मागाहून आलेले सारे यश त्यांच्या खात्यावर टाकणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

कलम_वाचक
बाबरीच्या बाबतीत मात्र राव यांना दोष देणे चूक आहे. राष्ट्रपती राजवटीसाठी राज्यपालांचा अहवाल लागतो आणि उत्तर प्रदेशच्या राज्यपालांनी सरकार बरखास्त करू नये असाच सल्ला दिला होता. पंतप्रधानांचे हात बांधलेले होते. विध्वंसाची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगानेही तेच म्हटले.

निवृत्त_परीक्षक
राज्यपालांच्या सल्ल्याबद्दल आणि आयोगाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, कायद्याबद्दल अर्धेच बरोबर आहे. कलम 356 मध्ये 'राज्यपालाच्या अहवालावरून किंवा अन्यथा' असे शब्द आहेत. त्यामुळे अहवालावाचून मार्गच नव्हता असे लिहिता येत नाही, मार्ग राजकीयदृष्ट्या धोक्याचा होता असे लिहिता येते.

हा मुद्दा वर दिलेल्या तीन प्रश्नांतून न्यावा. उत्तर प्रदेशच्या कल्याण सिंह सरकारने सर्वोच्च न्यायालयाला वास्तू सुरक्षित ठेवण्याची हमी दिली होती, आणि निवडून आलेले सरकार गुन्हा घडण्याआधीच बरखास्त केले असते तर तेही घटनेचा दुरुपयोग ठरले असते, ही राव यांची बाजू आहे आणि ती पोकळ नाही. दुसऱ्या बाजूला, तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी नंतर लिहिले की गृहखात्याने वास्तू ताब्यात घेण्याची योजना आधीच तयार करून पंतप्रधानांपुढे ठेवली होती, म्हणजे पर्याय कागदावर होता. फैजाबादजवळ केंद्रीय दलेही होती. 6 डिसेंबर 1992 रोजी घुमट दुपारी पडत गेले आणि राष्ट्रपती राजवट संध्याकाळनंतर आली, हे अंतर निबंधात स्पष्ट दिसले पाहिजे.

एक सावधगिरी बाळगा. गोडबोले यांचे लेखन आणि अयोध्येवरचे राव यांचे स्वतःचे, मरणोत्तर प्रसिद्ध झालेले पुस्तक, ही दोन्ही त्या घटनेत गुंतलेल्या माणसांची साक्ष आहे. दोघांनाही आपली बाजू राखायची होती. जिथे दोघांचे जमते तो भाग घट्ट धरावा आणि जिथे जमत नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे.

शाल्मली_वाचते
हे फार उपयोगी पडले. लाच प्रकरणाबद्दल मी 'लाच दिल्याचे सिद्ध झाले' असे लिहिले आहे, ते बरोबर आहे का?

निवृत्त_परीक्षक
नाही, ते वाक्य काढा. 28 जुलै 1993 रोजी सरकार 265 विरुद्ध 251 मतांनी वाचले. विशेष न्यायालयाने राव यांना 2000 मध्ये दोषी ठरवले, पण 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. व्यक्तीवरचा आरोप टिकला नाही. मात्र त्याच प्रकरणात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण दिले होते आणि हा निकाल 2024 पर्यंत कायम राहिला. संसदेवर झालेला हा परिणाम वारशाचा भाग आहे, मग पैसे कुणीही दिलेले असोत.

शाल्मली_वाचते
अयोध्येवरचा परिच्छेद मी पुन्हा लिहिला आहे. त्याचे शेवटचे वाक्य असे आहे : 'राव यांच्याकडे अधिकार होता आणि पूर्वसूचना होती, त्यांनी राज्य सरकारच्या हमीवर विसंबणे निवडले, आणि ती हमी मोडल्यावर काही तास त्यांचे सरकार निष्क्रिय राहिले.'

कलम_वाचक
'अधिकार' शब्दाला माझी अजूनही हरकत आहे. 'किंवा अन्यथा' हे शब्द असले, तरी राज्यपालांचा सल्ला उघड विरोधी असताना ते वापरणे न्यायालयात टिकले असते का, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालय तपासू शकते हे ठरवणारा बोम्मई खटल्याचा निकाल 1994 चा आहे.

निवृत्त_परीक्षक
ही हरकत योग्य आहे. शाल्मली, ती उत्तरात तशीच नोंदवा. मी स्वतः 'अधिकार' हाच शब्द ठेवीन, पण कलम_वाचक यांच्यासारखा परीक्षक त्याच वाक्यावर गुण कापू शकेल, त्यामुळे तो शब्द का निवडला याची दोन ओळींची जागा त्यापुढे ठेवा.