मदत हवी आहे: दिवाळी विक्रीच्या मेलचा प्रीहेडर आणि पहिली ओळ

हळदवाला_समुद्रपूर: आमचा शेतकरी गट वायगाव हळद पिकवतो आणि दिवाळीपूर्वी पुण्या-मुंबईच्या सुमारे 900 जुन्या ग्राहकांना मेल पाठवतो. गेल्या वर्षी ‘दिवाळीनिमित्त वायगाव हळदीवर 15 टक्के सवलत’ असा विषय दिला होता. परंतु इनबॉक्समध्ये त्यापुढे करड्या अक्षरांत ‘मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा. लोगो’ असे दिसत होते, हे एका ग्राहकाने फोटो पाठवल्यावर कळले. त्या जागी, म्हणजे प्रीहेडरमध्ये, काय लिहावे, आणि पहिली ओळ कशी असावी?

गोधडी_यवतमाळ: भाऊ, मेल उघडतो कोण? पोळ्याला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच माल विकला.

हळदवाला_समुद्रपूर: ताई, आमच्या ऑर्डर मेलवरूनच येतात, म्हणून विचारले.

मनोज_वर्धा: लोगोच्या चित्राचा पर्यायी मजकूर काढून टाका, प्रश्न मिटेल.

पत्रलेखक: मनोजभाऊ, त्याने ‘लोगो’ हा शब्द जाईल, पण चित्रे बंद ठेवणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही, आणि ‘येथे क्लिक करा’ तर तसेच राहील. प्रीहेडर रिकामा असला की मेल अ‍ॅप मजकुरातले पहिले शब्द उचलते, हे खरे कारण आहे. म्हणून `<body>` नंतर लगेच हे ठेवा:

```
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
कोजागिरीपर्यंत मागवा, वसुबारसेआधी घरपोच.
&#847;&zwnj;&nbsp;&#847;&zwnj;&nbsp;
</div>
```

शेवटची चिन्हे बरीच वेळा लिहा. ती दिसत नाहीत, पण उरलेली जागा भरतात, नाहीतर तुमच्या वाक्याला पुढचा मजकूर चिकटतो. सवलत विषयात आलीच आहे, ती इथे पुन्हा सांगून जागा दवडू नका. मोबाइलवर सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, त्यामुळे मुदत आधी यावी. पहिल्या ओळीत ‘आपणा सर्वांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ नको, कारण तो मजकूर प्रत्येक दुकानदार पाठवतो. ‘फेब्रुवारीत काढलेली, उकडून उन्हात वाळवलेली हळद आता दळून तयार आहे’ असे लिहिले, तर प्रीहेडरने दिलेले कारण पुढे चालते.

मनोज_वर्धा: मान्य. मग ओपन रेट वाढला की मजकूर जमला, असे समजायचे ना?

पत्रलेखक: पूर्णपणे नाही. सप्टेंबर 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय चालू केली असेल, तर मेलमधली चित्रे आधीच उतरवली जातात, आणि मेल उघडल्याची मोजणी चित्र उतरण्यावरूनच होते, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. यादीचे दोन भाग करून एकाच वेळी दोन प्रीहेडर पाठवा आणि क्लिक व ऑर्डर मोजा. मात्र 450-450 जणांत दोन-चार ऑर्डरींचा फरक हा योगायोगही असू शकतो.

हळदवाला_समुद्रपूर: उद्या आधी स्वतःलाच चाचणीचा मेल पाठवून पाहतो. ‘येथे क्लिक करा’ ही ओळ मात्र तळाशी न्यावी की काढूनच टाकावी, यावर आमच्या गटात अजून एकमत नाही. कोणी काढून पाहिली आहे का?