मदत हवी आहे : सोसायटीत पाणी बंद असल्याची सूचना लाउडस्पीकरवरून कशी वाचावी?

विश्रामबागकर
नमस्कार. सांगलीतील आमच्या सोसायटीत अ आणि ब अशा दोन इमारती असून अठ्ठेचाळीस सदनिकांत सुमारे एकशे नव्वद माणसे राहतात. मुख्य जलवाहिनीवरील व्हॉल्व्ह बदलण्याच्या कामासाठी गुरुवारी सकाळी नऊपासून शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत पाणीपुरवठा बंद राहील, अशी लेखी सूचना आली आहे. आमच्याकडे फलक वाचणारे थोडे आणि ऐकणारे बरेच, म्हणून सचिव या नात्याने बुधवारी संध्याकाळी फाटकाजवळच्या स्पीकरवरून ती मला वाचायची आहे. मसुदा असा :

"सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, जलवाहिनीच्या देखभाल दुरुस्तीच्या अनुषंगाने उद्या सकाळी नऊ ते परवा सकाळी नऊ या कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहणार असल्याने सर्वांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे."

गेल्या वेळी जवळपास असेच वाचले होते. अर्ध्या तासात चौथ्या मजल्यावरचे नळ करंगळीएवढ्या धारेवर आले आणि एका आजींनी मला जिन्यातच गाठून विचारले, "पाणी उद्या बंद होणार होते ना, मग आजच का गेले?" चूक भाषेत आहे की आणखी कुठे?

कृष्णाकाठ
भाषा चांगली आहे. फक्त "साठा करावा" असे मोघम न म्हणता घरटी किती लिटर भरायचे ते सांगा. दोनशे लिटरचे एक पिंप आणि दोन बादल्या पुरेशा होतात.

गच्चीवरची टाकी
कृष्णाकाठ यांचा आकडा सांगण्याचा आग्रह योग्य आहे, पण हा आकडा घात करील. अठ्ठेचाळीस घरांनी एकाच वेळी अडीचशे लिटर भरले तर बारा हजार लिटर पाणी तासाभरात उतरते. खालच्या मजल्यांचे नळ पूर्ण उघडे असले की वरच्या मजल्याचा दाब आधी जातो. आजींच्या नळाचे तेच झाले असणार. पाणी संपले नव्हते, सूचनेने ते एकदम ओढून घेतले. विश्रामबागकर, दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडे पाणी दिवसातून कधी येते आणि टाक्या केवढ्या आहेत?

विश्रामबागकर
सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ. जमिनीखालची टाकी चाळीस हजार लिटरची आहे आणि दोन्ही गच्च्यांवर बारा-बारा हजारांच्या टाक्या आहेत.

गच्चीवरची टाकी
मग सूचनेतील "नऊ ते नऊ" हे व्हॉल्व्ह बदलणाऱ्यांचे वेळापत्रक आहे, तुमचे नव्हे. गुरुवारी सकाळचे पाणी तुम्हाला मिळेल, कारण ते आठलाच जाते. गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार सकाळ या दोन पाळ्या चुकतील आणि पुढचे पाणी शुक्रवारी संध्याकाळी सहाला येईल. म्हणजे चोवीस नव्हे, चौतीस तास साठ्यावर काढायचे आहेत. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर एकशे नव्वद माणसांना चौतीस तासांसाठी सुमारे छत्तीस हजार लिटर लागतात. खालच्या टाकीतील तळाचे पाणी पंपाला उचलता येत नाही, म्हणून पाच हजार वजा करा. तरी सर्व टाक्या गुरुवारी आठला भरलेल्या असतील तर तुमच्याकडे एकोणसाठ हजार लिटर वापरण्याजोगे पाणी असेल. थोडक्यात, तुमच्या घरांत पाणी बंद होणारच नाही आणि तुम्ही ते बंद होणार म्हणून सांगत आहात. काम लांबले तरी नेहमीच्या वापराने वीस तासांचा साठा उरतो, मात्र त्या दिवशी गाड्या धुणे थांबवावे लागेल.

अजिंक्यताऱ्याखाली
आमच्या साताऱ्यातील सोसायटीत अशा वेळी आम्ही टँकर मागवतो. तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा, कारण ऐन दिवशी मिळत नाही आणि टँकरचा पाइप गच्चीपर्यंत पोहोचत नाही. आमच्याकडे यावरून दोन सभा गाजल्या आहेत.

विश्रामबागकर
आभारी आहे, पण टँकरची गरज नाही असे वरील हिशेबावरून दिसते. माझा प्रश्न वाचायच्या मजकुराचा आहे.

निवेदिका
मी काही वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदन केले आहे, म्हणून कानाच्या बाजूने लिहिते. तुमचे वाक्य डोळ्यांसाठी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला पाणी येणार की नाही हे कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. वाक्ये सहा-आठ शब्दांची ठेवा. "उद्या" काढून टाका, कारण हीच सूचना गुरुवारी सकाळी पुन्हा वाचली तर तो शब्द खोटा ठरतो. वाराचे नाव घ्या. "खंडित" ऐवजी "येणार नाही" म्हणा. "पाणी बंद" आणि "नळ बंद ठेवा" हे एकाच निवेदनात नको, कारण अर्धवट ऐकणाऱ्याच्या लक्षात नुसते "बंद" राहते. वेळ आणि वार दोनदा सांगा, आणि दोन इमारतींमध्ये आवाज घुमत असेल तर प्रत्येक वाक्यानंतर मनात दोन अंक मोजून मग पुढे जा. मी असे वाचले असते :

"नमस्कार. पाण्याबद्दल सूचना आहे. गुरुवारी संध्याकाळी नळाला पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळीही येणार नाही. पुन्हा सांगते. गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार सकाळ. आपल्या टाक्या भरलेल्या आहेत. घरात पाणी नेहमीप्रमाणे राहील. पिण्यापुरते पाणी भरून घ्यावे. पिंपे भरू नयेत. गाड्या शनिवारनंतर धुवाव्यात. धन्यवाद."

गच्चीवरची टाकी
उत्तम, पण दोन दुरुस्त्या सुचवतो. "नळाला" हा शब्द काढा, नाहीतर घरचाच नळ समजून लोक बादल्या घेऊन धावतील. "महापालिकेचे पाणी" म्हणा. दुसरे म्हणजे "टाक्या भरलेल्या आहेत" हे बुधवारी म्हणता येणार नाही. त्या वेळी खालची टाकी अर्धी असू शकते. बुधवारी "टाक्या भरून घेत आहोत" म्हणावे आणि गुरुवारी आठनंतर कोणीतरी झाकण उघडून पाहिल्यावरच "भरलेल्या आहेत" हे वाक्य वाचावे. टाकी भरली नसेल तर "घरात पाणी नेहमीप्रमाणे राहील" हे वाक्यही गाळावे लागेल आणि वेळा ठरवून पाणी सोडावे लागेल.

शुक्रवारी संध्याकाळच्या पहिल्या पाण्यात गढूळपणा आणि हवा असते. ती सूचना स्पीकरवरून नको, वॉचमनला द्या. टाकीत येणारा व्हॉल्व्ह त्याने लगेच उघडू नये, आवारातील थेट जोडणीचा नळ सोडून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबावे. एकदा गढूळ पाणी टाकीत गेले की अठ्ठेचाळीस घरांच्या फिल्टरपर्यंत पोहोचते.

कृष्णाकाठ
माझा पिंपाचा आकडा मागे घेतो. तरी समितीने ठरवून पाणी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तासच सोडले तर शिस्त राहते, असे मला वाटते.

गच्चीवरची टाकी
टाकी अर्धी असेल तरच. एरवी ठरावीक तास म्हटले की प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त भरतो आणि नवे पाणी आले की कालचे शिळे म्हणून ओतून देतो. बचत कागदावरच राहते.

विश्रामबागकर
सर्वांचे आभार. दोन्ही मजकूर लिहून घेतले आहेत, बुधवारचा आणि गुरुवारचा. काल रिकाम्या आवारात मोठ्याने वाचून पाहिले, तर सूचना एका मिनिटाच्या आत संपते. ठरावीक तासांबद्दल समितीत अजून दोन मते आहेत. एक अडचण मात्र राहिली आहे. फाटकावरचा आवाज ब इमारतीच्या मागच्या बाजूच्या सदनिकांत नीट पोहोचत नाही आणि तिथेच आमची बहुतेक वयस्कर मंडळी राहतात. दुसरा स्पीकर जिन्यात लावावा, की कोणीतरी मजल्यामजल्यावर जाऊन तेच वाचावे?

निवेदिका
जिन्यात आवाज घुमून शब्द कळणार नाहीत. मजल्यांवर जाऊनच वाचा, आणि तुमच्या शब्दांत समजावून सांगण्याचा मोह आवरून लिहिलेलाच मजकूर वाचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या घरांनी वेगवेगळे ऐकले असे होणार नाही.