मदत हवी आहे : क्लोजिंगच्या तोंडावर एकच बिल दोनदा बुक झालेलं सापडलंय

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे, प्रायव्हेट लिमिटेड. काल स्क्रॅपवाल्याचं स्टेटमेंट आलं आणि आमच्या लेजरपेक्षा बरोब्बर २,१७,१२० कमी निघालं. ५ टन सीआय स्क्रॅप, १,८४,००० अधिक जीएसटी ३३,१२०. शोधता शोधता कळलं की तेच बिल आधी 'एसआय/४१२' म्हणून आणि फेब्रुवारीत परत नुसतं '४१२' म्हणून बुक झालंय, नंबर वेगळा पडला म्हणून टॅलीनं अडवलंच नाही. दुसऱ्याचं पेमेंट उद्याच्या यादीत होतं, ते मी थांबवलं. आता एन्ट्री डिलीट करू का? साहेबांना सांगायच्या आधी नीट समजून घ्यायचंय, रात्रभर झोप नाही.

रंकाळाकर : डेबिट नोट मारा, विषय संपला.

उचगावचा अण्णा : डुप्लिकेट कॉपीवर बुक केलं तर काय बिघडतं? आमच्याकडं ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरची कॉपीच टाकून जातोय, ओरिजिनल मागून मेलवर. आम्ही चालवतो तसंच.

धागाकर्ती : अण्णा, प्रश्न तो नव्हता, पण फाईल बघितली तर दुसरी एन्ट्री ड्रायव्हरच्या कॉपीवरूनच झालीय! पहिली मेलवरून.

जुना मुनीम : ताई, पेमेंट थांबवलंत हे लई बरं केलंत. आधी गेटचं रजिस्टर आणि काट्याची पावती बघा, गाडी एकदाच आली असेल तर वाद मिटला. डेबिट नोट नको, माल परत गेलेलाच नाही, समोरच्याच्या खात्यात ती दिसणार नाही, बॅलन्स जुळला तरी नोंदी जुळणार नाहीत. डिलीटही करू नका, कंपनी आहे, एडिट लॉगमध्ये दिसतंच आणि फेब्रुवारीचं रिटर्न भरून झालंय. मार्चच्या तारखेनं उलट एन्ट्री करा, नरेशनमध्ये दोन्ही व्हाउचर नंबर लिहा. उलट एन्ट्रीत ५ टन पण कमी करा, नाहीतर मोजणीत कमी भरलेला माल कुणीतरी कंझम्प्शनला टाकतंय, मग ही चूक कुणाला सापडत नाही. आणि फेब्रुवारीचं थ्रीबी रिटर्न पोर्टलवरचं टूबी स्टेटमेंट बघून भरलं का बुकावरून?

धागाकर्ती : पावती एकच आहे, आत्ताच बघितली. थ्रीबी बुकावरून भरलंय, म्हणजे क्रेडिट दोनदा गेलं.

जुना मुनीम : मग मार्चच्या थ्रीबीत ३३,१२० रिव्हर्स करायला लागणार. व्याज लागतंय का ते पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरवर ठरतं. ते जादाचं क्रेडिट वापरलं गेलं असेल तर १८ टक्क्यानं, नुसतं पडून असेल तर नाही.

रंकाळाकर : आमच्या सीएनं तर सरसकट भरायला लावलं होतं.

धागाकर्ती : लेजर उद्या सकाळी काढते, लॉगिन साहेबांकडंच आहे. त्यांना आता सांगायलाच लागणार. गेल्या वर्षीच्या बिलांत पण नुसत्या आकड्याचे नंबर बरेच दिसतायत, ती सगळी रक्कम लावून सॉर्ट करून बघायला बसलेय.