मदत हवी आहे: इंदूरमध्ये औषधांचे दुकान काढताना १० टक्के सवलत परवडते का?

सुदामानगरची_फार्मासिस्ट

नमस्कार. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून आजवर एका रुग्णालयाच्या औषधविभागात नोकरी केली आहे. आता सुदामा नगरात भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे दुकान सुरू करण्याचा विचार आहे. महिन्याचा खर्च मी असा धरला आहे: भाडे १६,०००, मदतनीस ११,०००, फ्रिज व एसीसह वीज ५,०००, सॉफ्टवेअर, हिशेबनीस, पिशव्या आणि फोन मिळून ४,०००, आणि कर्जाचे व्याज ६,०००, म्हणजे एकूण ४२,०००. औषधांवर २० टक्के नफा असतो असे सगळे सांगतात, त्यामुळे २ लाख १० हजारांच्या विक्रीत खर्च निघेल असा माझा हिशेब आहे. मात्र शेजारच्याच रस्त्यावर एका दुकानाने १० टक्के सवलतीची पाटी लावली आहे आणि मलाही ती द्यावी लागेल असे दिसते. मग विक्री किती वाढवावी लागेल? साधारण ३ लाख पुरेत का?

दवाबाजारातले_काका

ताई, खर्चाचे आकडे ठीक वाटतात. गडबड त्या २० टक्क्यांत आहे. ते कशावरचे, हे आधी पाहावे लागते. मी बरीच वर्षे आपल्या दवा बाजारात ठोक व्यापार केला आहे, म्हणून एकाच स्ट्रिपचा हिशेब मांडतो.

समजा छापील किंमत १०५ रुपये आहे. त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी बहुतेक औषधांवर तो १२ टक्के होता, त्यामुळे कोणाकडून जुना तक्ता मिळाला असेल तर तो वापरू नका. कर वगळता किंमत उरते १००. किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला त्यातले साधारण २० मिळतात, म्हणजे पीटीआर, दुकानदाराचा करापूर्वीचा खरेदीभाव, ८०. आता तुम्ही १० टक्के सवलत देऊन ती स्ट्रिप ९४.५० ला विकली, तर कर वगळता हाती ९० येतात आणि खरेदी ८० चीच राहते. नफा २० वरून थेट १० वर आला. ग्राहकाला दिसतात १० टक्के, तुमच्या नफ्यातून मात्र निम्मा भाग गेला.

शेड्यूलमधल्या, म्हणजे किंमत नियंत्रणाखालच्या औषधांत याहून कमी उरते. डीपीसीओ २०१३ या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरवताना विक्रेत्याचे १६ टक्के पीटीआरवर धरतात, छापील किमतीवर नव्हे. १०० ला घेतलेला माल करापूर्वी ११६ ला जातो, म्हणजे विक्रीच्या हिशेबाने १३.८ टक्केच. तिथे १० टक्के सोडले तर हाती ४.४० रुपये उरतात, आणि त्यातूनच एक्सपायरी, ब्रेकेज आणि उधारी भागवायची असते.

ग्वाल्हेरचा_विक्रेता

काकांचे गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. सवलत आपण खिशातून देतच नाही, ती स्कीममधून निघते. १०+१ वर माल घ्यायचा की १० टक्के तिथेच वसूल झाले. आमच्याकडे सगळे असेच चालवतात.

दवाबाजारातले_काका

अर्धे खरे आहे. दहाच्या पैशांत अकरा आले तर बचत ९.०९ टक्के होते. ८० ची स्ट्रिप ७२.७३ ला पडते. ती ९० ला विकली तर १७.२७ सुटतात, हे मान्य. पण अकराही स्ट्रिपा मुदतीत विकल्या गेल्या तरच. नऊच गेल्या तर ८१० आले, ८०० दिले आणि दोन स्ट्रिपा फळीवर राहिल्या. मुदत संपलेल्या मालाची क्रेडिट नोट मिळते, पण ठरलेल्या काळातच, आणि फुकट आलेल्या स्ट्रिपचे पैसे बहुतेक मिळत नाहीत. फोडलेले पाकीट किंवा फ्रिजमधला माल परत घेईल असे गृहीत धरू नका. स्टॉकिस्टला आधी स्पष्ट विचारा. नव्या दुकानात कोणते औषध महिन्याला किती जाईल हे कळेपर्यंत मी तर तीन-तीन स्ट्रिपाच घेईन, स्कीम गेली तरी चालेल. शिवाय चालत्या, नामांकित औषधांवर स्कीम मिळणे कठीणच. ती मिळते ती ज्यांना ढकलावे लागते अशा मालावर.

बडोदेकर_वाचक

तुम्ही अजून परवान्याचे काही सांगितले नाही. किरकोळ विक्रीला फॉर्म २० आणि २१ चे परवाने लागतात आणि किमान १० चौरस मीटर जागा लागते. माझ्या मेहुण्याचा गाळा त्याहून लहान निघाला आणि त्याला दुसरा शोधावा लागला. भाड्याचा करार करण्याआधी जागा मोजून घ्या.

सुदामानगरची_फार्मासिस्ट

बडोदेकर, आभारी आहे. जागा मोजली आहे, गाळा १४ चौरस मीटरचा आहे. माझा प्रश्न नफ्याचाच आहे. काका, कोणते औषध नियंत्रणाखाली येते हे काउंटरवर उभे असताना कसे ओळखावे? आणि माझी सगळी विक्री मिळून नफा किती धरावा?

दवाबाजारातले_काका

पक्के पाहायचे तर औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी एनपीपीएच्या कमाल किमतींच्या यादीत. पण बिलावरूनही अंदाज येतो. छापील किंमत १.०५ ने भागा आणि आलेल्या आकड्याला पीटीआरने भागा. उत्तर १.२५ च्या आसपास आले तर बहुधा नियंत्रणाबाहेरचे, १.१६ च्या आसपास आले तर बहुधा आतले. १.५ किंवा २ आले तर तो जास्त मार्जिनचा जेनेरिक माल आहे, आणि २० टक्के सवलतीच्या पाट्या मुख्यतः त्यावर उभ्या असतात.

आता तुमचा हिशेब. समजा तुमच्या विक्रीत ७० टक्के माल बाहेरचा आणि ३० टक्के आतला आहे, आणि स्कीम धरलेली नाही. सरासरी नफा करापूर्वीच्या किमतीवर १८.१ टक्के, म्हणजे छापील १०० रुपयांमागे १७.२७ रुपये येतो. तुमच्या खर्चात मी तुमचा स्वतःचा पगार २०,००० धरतो, कारण तुम्ही काउंटरवर नसाल तर दुसरा फार्मासिस्ट ठेवावाच लागेल. मग खर्च ६२,०००. सवलत न देता छापील किमतीने ३ लाख ५९ हजारांचा माल विकावा लागेल. सगळ्या विक्रीवर सरसकट १० टक्के दिली तर १०० मागे ७.७५ रुपये उरतात आणि आकडा ८ लाखांवर जातो. तेव्हा तुमच्या ३ लाखांत खर्च निघत नाही.

ग्वाल्हेरचा_विक्रेता

पगार पहिल्या वर्षी धरूच नये, असे माझे मत आहे. घर दुसऱ्याच्या पगारावर चालत असेल तर तो खर्च कागदावरच राहतो. मी तसेच केले आणि दुकान टिकले.

दवाबाजारातले_काका

टिकले ते तुमच्या फुकट कामावर. तरीही ताईंना ठरवू द्या. घरी कोण किती काळ सांभाळू शकते हे आपल्याला ठाऊक नाही.

सुदामानगरची_फार्मासिस्ट

पगार न धरता केले तरी सरसकट १० टक्क्यांवर सुमारे ५ लाख ४२ हजार लागतात, म्हणजे ३ लाख तसेही अपुरेच. त्यामुळे सरसकट पाटी लावणार नाही. नियंत्रणाखालच्या औषधांवर सवलत शून्य, आणि महिन्याची औषधे एकत्र नेणाऱ्यांना बाकीच्यांवर बेताची. ती बिलावरच दाखवीन, म्हणजे कर कमी झालेल्या रकमेवर लागेल. एकूण विक्रीवर सरासरी ५ टक्के सवलत पडली तर पगारासह ४ लाख ९६ हजारांवर जमते असे दिसते. शेजारी पाटी असताना मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे नेहमीचे रुग्ण एवढ्या सवलतीत टिकतील का, हे मात्र इथे कोणी आपल्या काउंटरवरून पाहिले असेल तर जरूर लिहावे.