माल उशिरा गेल्याची मेल

> टॉवेलची ऑर्डर १४ तारखेला निघायची होती, राहिली. मुंबईच्या पार्टीला मेल कशी लिहू?

समजा १,२०० नगांपैकी ८०० तयार आहेत, बाकीचे रंगाईला अडकलेत. मग एवढंच लिहा:

"१४ तारखेला माल पाठवायचं कबूल करूनही आम्ही पाठवू शकलो नाही, याबद्दल दिलगीर आहोत. रंगाईच्या वेळेचा आमचा अंदाज चुकला. ८०० नग तयार आहेत, तुमची हरकत नसेल तर आजच ट्रान्सपोर्टला देतो आणि बिल्टी पाठवतो. उरलेले ४०० नग २१ तारखेला निघतील. दुसऱ्या खेपेचं भाडं आम्ही भरू."

रंगाईवाल्याचं नाव घेऊ नका, त्याला काम तुम्हीच दिलं होतं. 'अपरिहार्य कारणास्तव' तर अजिबात नको, ते सरकारी नोटिशीसारखं वाटतं. दिलगिरी एकदाच. पुन्हा पुन्हा हात जोडले की समोरच्यालाच आपली समजूत घालत बसावं लागतं, आणि त्याला हवी असते फक्त तारीख, कारण त्यानेही पुढे दुकानदारांना शब्द दिलेला असतो. म्हणून २१ तारीख लिहिण्याआधी रंगाईवाल्याला फोन करा आणि त्याने सांगितलेल्या दिवसावर दोन दिवस राखून ठेवा.

सूट मात्र स्वतःहून लिहू नका. मागितली तर फोनवर बघता येईल.