अनुभव धागा : तुंबलेलं संडासचं भांडं ओरखडा न पाडता, तडा न जाऊ देता कसं मोकळं करता?

मैत्रेयी, छ. संभाजीनगर

प्लंजर आणि स्प्रिंग वापरून भांडं मोकळं करणाऱ्यांनी आपली पद्धत इथं सविस्तर लिहावी, म्हणून हा धागा काढलाय. घरी करणारे, धंद्यानं करणारे, दोघांनीही लिहा. दाब कसा द्यायचा, कुठं थांबायचं, चिनीमातीवर काळे ओरखडे कशामुळं पडतात, हे सगळं हवंय.

सुरुवातीला एक चालू प्रकरण देते. फ्लॅटमधला खाली बसवलेला पाश्चात्त्य कमोड आहे. फ्लश केला की पाणी काठापर्यंत चढतं आणि अर्ध्या तासानं हळूहळू उतरतं. बाजूच्या नहाणीत पाणी उलटं येत नाही. घरात तीन वर्षांचं मूल आहे. शेजारचे काका म्हणतात, सळई घाला.

नळजोड, नांदेड

ताई, सळई अजिबात नको. सळईचं सगळं बळ टोकावर येतं, आणि कमोडच्या आतल्या वळणाची भिंत ते सोसत नाही. तडा आत जातो, वरून दिसत नाही. मग पाणी बुडाखालून पाझरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते, तेव्हा कळतं.

पहिलं काम म्हणजे टाकीचा अँगल कॉक बंद करा. पाणी काठाशी असताना पुन्हा फ्लश दाबायचा नाही. मग चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा चेंबरच्या पुढं आहे आणि कमोडमध्ये कितीही दाबलं तरी उपयोग नाही. चेंबर रिकामं असेल तर अडथळा कमोड आणि चेंबरच्या मध्ये. तुमच्या नहाणीत पाणी येत नाही, म्हणजे बहुतेक कमोडच्या वळणातच आहे. पण नहाणी वेगळ्या लाइनीवर असेल तर ही खूण चालत नाही, म्हणून चेंबर बघाच.

आता प्लंजर. सपाट वाटीचा प्लंजर बेसिनसाठी असतो. कमोडसाठी वाटीच्या आतून आणखी एक रबरी गळा बाहेर येतो तो घ्या. तो गळा भोकात बसतो आणि वाटी काठाला टेकते. रबर कडक असेल तर काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, काठाला थोडं व्हॅसलीन लावा. वाटी पूर्ण बुडेल इतकं पाणी भांड्यात हवं. पाणी कमी असेल तर हवा दबते, अडथळा हलत नाही. फार असेल तर मगानं बादलीत काढून घ्या, नाहीतर अंगावर येईल.

प्लंजर तिरका बुडवा म्हणजे आतली हवा निघते. मग सरळ करून पहिला दाब सावकाश द्या. पहिल्याच दणक्याला हवा बाजूनं फुटून पाणी उडतं. त्यानंतर वाटी न उचलता पंधरा-वीस वेळा खालीवर करा. लोक खाली दाबण्यावर जोर देतात, पण खरं काम वर ओढण्यात आहे. खाली दाबलं की बोळा आणखी घट्ट बसतो, वर ओढलं की सैल होतो. दोन्हीचा जोर सारखा ठेवा आणि शेवटी एक झटका वर. अंगाचं वजन दांड्यावर टाकायचं नाही. दांडा लाकडी असेल आणि रबर निसटलं तर तोच दांडा चिनीमातीवर आपटतो.

नहाणी आणि कमोड एकाच पाइपावर असतील तर नहाणीच्या जाळीवर ओला फडका दाबून धरायला एक माणूस लागतो. नाहीतर तुमचा दाब तिकडून निघून जातो.

उदगीरचा

एवढी खटपट कशाला? एक पातेलं उकळतं पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड, वरून अर्धी बाटली अ‍ॅसिड. रात्रभर ठेवायचं. सकाळी मोकळं.

नळजोड, नांदेड

लिक्विडचं बरोबर आहे. अर्धा कप ओतून वीस मिनिटं थांबलं तर मऊ बोळा आणि कागद निसरडे होतात, मग प्लंजर लवकर लागू पडतो. पण उकळतं पाणी नको. थंड चिनीमातीवर उकळतं पाणी पडलं की एक भाग झटकन फुगतो, बाकीचा तसाच राहतो, आणि तडा जातो. हात बुडवता येईल इतकंच गरम, आणि तेही काठावरून सावकाश.

अ‍ॅसिड अडकलेला कपडा, पॅड, खेळणं विरघळवत नाही. उलट मोकळं झालं नाही तर पुढं प्लंजर मारणाऱ्याच्या तोंडावर तेच पाणी उडतं. त्यात कुणी आधी ब्लीच टाकलेलं असेल तर क्लोरीन वायू निघतो, बंद संडासात तो फार वाईट. भांड्यात काही ओतलेलं असेल तर प्लंबरला आधी सांगा, ही कळकळीची विनंती.

उदगीरचा

ब्लीचचं मान्य. पण आमच्या बोअरच्या पाण्यानं वळणात पांढरा थर चढतो, तो अ‍ॅसिडशिवाय निघत नाही, हेही खरंय ना?

नळजोड, नांदेड

खरंय. तो थर खरखरीत असतो, त्याला कागद आणि केस अडकतात आणि दर थोड्या दिवसांनी तुंबतं. पण ते भांडं मोकळं झाल्यावरचं काम. तुंबलेल्या भांड्यात अ‍ॅसिड साचून राहतं, तुंबलेल्या जागी ते पोचतही नाही.

शर्वरी, जालना

स्प्रिंगबद्दल लिहिते, कारण काळे ओरखडे तिच्यामुळंच पडतात. बेसिनची उघडी स्प्रिंग कमोडमध्ये घातली की ती प्रत्येक फेऱ्याला चिनीमातीवर घासते. कमोडसाठीच्या स्प्रिंगला लांब नळी असते, वर फिरवायचं हँडल, खाली वाकलेलं टोक, आणि त्या वाकणावर रबराची किंवा प्लास्टिकची टोपी. भांड्याला टेकते ती फक्त ही टोपी. दुकानात घेतानाच टोपी हातानं हलवून बघा. ती सरकत असेल किंवा फाटलेली असेल तर घेऊ नका. घरात जुनी असेल तर वाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा.

वापरताना हँडल पूर्ण वर ओढून घ्या, म्हणजे तारेचं टोक टोपीच्या तोंडाशी येतं. टोपी भोकात टेकवा, वाकण पाइप ज्या दिशेला वळतो त्या दिशेला. एका हातानं नळी स्थिर धरा. ती डुलली तर लोखंडी नळी काठावर घासते. दुसऱ्या हातानं हँडल घड्याळाच्या दिशेनं फिरवत हलकंच खाली. वळणाशी तार अडते, तिथं ढकलायचं नाही. अर्धा फेरा उलटा, मग पुन्हा पुढं. हँडल जड लागलं आणि सोडल्यावर मागं फिरलं तर तार आत पिळली गेलीय. आणखी फिरवलं तर तिला कायमची गाठ बसेल आणि ती बाहेर निघताना भांडं खरवडेल.

मऊ अडथळा लागला की हाताला रबरासारखं जाणवतं, टोक रुततं. तिथं तीन-चार फेरे देऊन फिरवत फिरवतच वर ओढा, सरळ ओढलं तर सुटतो. कडक वस्तू असेल तर टकटक लागतं आणि टोक घसरतं.

ओरखडा दिसलाच तर आधी नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर तो बहुतेक ओरखडा नसून चिनीमातीवर घासून लागलेलं लोखंड असतं. हातमोजे घालून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेली पावडर ओल्या फडक्यावर घेऊन चोळली की निघतं. तारेच्या घासणीनं मात्र नाही, तिनं नवे डाग पडतात. नख अडकलं तर झिलई गेलीय, ती परत येत नाही.

गोदाकाठ, परभणी

आमचं गावाकडचं बसकं भांडं आहे, शोषखड्ड्याचं. प्लंजर मारला की तेवढ्यापुरतं पाणी जातं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. कुठल्या कंपनीचा प्लंजर मजबूत येतो?

नळजोड, नांदेड

दादा, प्लंजर बदलून फरक पडणार नाही. दोन खड्डे असतील तर चालू खड्डा भरलाय का बघा. जोडचेंबरचं झाकण उघडा. तिथंच पाणी उभं असेल तर खड्ड्याकडची नळी दुसऱ्या खड्ड्याला वळवायची वेळ झालीय. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी जिरायला वेळ लागतो, तेव्हाही असंच होतं.

आणि गावाकडच्या भांड्यात प्लंजर जपून. त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि ट्रॅपमध्ये पाणी फक्त २० मिलिमीटर राहतं, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये साफ व्हावं अशी ती रचना आहे. ट्रॅप वेगळा असतो, भांड्याला सिमेंटनं जोडलेला. जोरानं मारलं तर तो जोड सुटतो.

शर्वरी, जालना

बसक्या भांड्याच्या लांबट तोंडावर वाटी नीट बसतही नाही. तिथं काठीला जुन्या सुती कपड्याचा घट्ट गोळा बांधायचा, वरून जाड प्लास्टिक पिशवी, आणि नायलॉन दोरीनं दोन ठिकाणी आवळायचं. दोरीचं टोक हातात ठेवायचं म्हणजे गोळा सुटला तरी ओढून काढता येतो. काठीचं टोक गोळ्याच्या आत किमान चार बोटं झाकलेलं हवं. गोळा भोकात अलगद सरकेल एवढाच करा, ठोकून बसवायचा नाही.

मांजराकाठ, लातूर

पाण्याचंही बघा. आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून पुष्कळ घरांत अर्ध्या मगावर भागवायची सवय राहिलीय. कमोड कमी पाण्यानं वरून स्वच्छ दिसतो, पण मैला आडव्या पाइपात बसतो. तिथला अडथळा कमोडच्या स्प्रिंगच्या टप्प्यात येत नाही, तो चेंबरकडूनच काढावा लागतो. कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवून एका दमात ओतलं तर चांगलं पाणी वाचतं आणि पाइपही वाहता राहतो.

मैत्रेयी, छ. संभाजीनगर

चेंबर बघितलं, कोरडं आहे. प्लंजरनं पाणी थोडं जलद उतरायलंय, पण अडतंच. स्प्रिंग वळणाशी टकटक लागून घसरते.

नळजोड, नांदेड

मग कडक वस्तू आहे आणि ती आडवी-उभी होतेय, म्हणून पाणी कमीजास्त उतरतंय. लहान मूल आहे म्हणता, तर डबीचं झाकण, ब्रश असं काही. आता प्लंजर थांबवा, आणखी आत गेली तर पाइपाच्या जोडात अडकेल. माझ्या मते कमोड उचलून उलट्या बाजूनं काढावी. बुडाचा पांढरा सिमेंट हेक्सॉ पात्यानं कापायचा, छिन्नी-हातोडीनं फोडायचा नाही. परत बसवताना स्क्रूखाली नायलॉन वॉशर घाला आणि स्क्रू हातानं आवळून त्यानंतर पाव फेरा, बस. स्क्रू जास्त आवळूनही कमोडला तडा जातो.

शर्वरी, जालना

मी लगेच उचलायला सांगणार नाही. आधी भांड्यातलं पाणी मग आणि स्पंजनं पूर्ण काढा, वळणात मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा धरून बघा. वस्तूला कड दिसली तर स्प्रिंगचं टोक तिच्या बाजूनं पलीकडं नेऊन मागं ओढता येतं. कोरड्या भांड्यात तार जास्त घासते, म्हणून टोपीची जागा लिक्विडनं ओली ठेवा.

नळजोड, नांदेड

कड दिसली तर ठीक. दिसली नाही तर आंधळेपणानं स्प्रिंगचं टोक फिरवण्यात वळण फुटायची भीती आहे. सोडवून बसवायची मजुरी नव्या कमोडपेक्षा कमीच असते.

उदगीरचा

वस्तू प्लास्टिकची असेल तर लिक्विड टाकून आणखी एकदा प्लंजरचा वर ओढणारा झटका द्यायला काय हरकत आहे?

शर्वरी, जालना

फक्त ओढायचा असेल तर चालेल, पण मग आधी दाबायचं किती, हाच प्रश्न आहे. मैत्रेयी, आरशात काय दिसतं ते लिहा.