मान, खांदा आणि हाताला मुंग्या: स्नायू आखडलाय की नस दबलीय? अनुभव लिहा

गोधूलि: आज लोकलमध्ये समोरचा मुलगा उजवा हात डोक्यावर ठेवूनच उभा होता. ते पाहून ऑफिसातलं जुनं प्रकरण आठवलं. टीममधला एक जण, वय 36, दिवसभर लॅपटॉप. आधी उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला ठणका, मग दंडाच्या मागून उतरत मधल्या बोटापर्यंत मुंग्या. सगळे म्हणाले, बसण्याची सवय वाईट, मालिश कर. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं असं तो सांगायचा, पण कोणी लक्ष दिलं नाही. खुर्चीवर हात रेटून उठताना उजवं कोपर लटपटायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेला. मानेतली सातवी नस दबली होती. तुमच्या आसपास कोणाला काय झालं आणि नेमकं कशावरून कळलं?

चिंचवडकर: मुंग्या म्हणजे नसच. लगेच एमआरआय करून मोकळं व्हायचं.

मंजिरी_फिजिओ: चिंचवडकर, मुंग्या म्हणजे बहुधा नस, हे बरोबर. पण कुठे दबलीय ते आधी बघावं लागतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, मान हलवून काही फरक नाही, तर मनगटात बघा. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट, तेही कोपर दुमडून फोन कानाला धरल्यावर, तर कोपरात. मान मागे नेऊन दुखऱ्या बाजूला वळवली की कळ दंडाखाली जाते, तर मानेत. ही चाचणी घरी जोर लावून करू नका.
एमआरआयचं म्हणाल तर काहीही न दुखणाऱ्या माणसांतही चकती फुगलेली दिसते. रिपोर्ट आणि बोटं जुळली तरच त्याला अर्थ.

गोधूलि: आणि हात डोक्यावर?

मंजिरी_फिजिओ: हात वर गेला की मानेतून उतरणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो. खांद्याच्याच दुखण्यात उलट हात वर नेताना दुखतं. तुमच्या माणसाचं कोपर सरळ करण्याचं बळ कमी झालं होतं, कारण दंडाच्या मागचा स्नायू मुख्यतः सातव्या नसेवर चालतो. मधलं बोटही तिचंच. दोन्ही खुणा एकाच नसेकडे बोट दाखवत होत्या.

शैला_ताई: माझा डावा खांदा दुखतो, वेणी घालता येत नाही, मागे हातच जात नाही. शुगर आहे. मुंग्या नाहीत. मानेचा पट्टा लावू का?

मंजिरी_फिजिओ: ताई, दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर सांधाच आखडलाय, शुगरवाल्यांत हे जास्त होतं. पट्ट्याने काही होणार नाही. अस्थितज्ज्ञाला दाखवा. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब किंवा घाम आला तर मात्र थेट इस्पितळ.

कुर्ला_फास्ट: घाईत लिहितोय, स्टेशन आलं. न्हाव्याकडे मान मोडून घेऊ नका!! झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

अनघा_पुणे: लॅपटॉपचं सांगते, ऑफिसच्या खुर्च्याटेबलांचं काम बघते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे, म्हणजे लॅपटॉप बराच उचलावा लागतो. मग त्याच कीबोर्डवर टाइप केलं की खांदे कानाला लागतात, त्यामुळे वेगळा कीबोर्ड हवाच. लोक स्टँड घेतात आणि इथेच थांबतात. माऊस कीबोर्डला चिकटून, कोपर अंगाजवळ. आणि दर अर्ध्या तासाने उठायचं, कारण उत्तम बैठकही तासन् तास न हलता नको.

चिंचवडकर: म्हणजे संध्याकाळी खांदे जड, रविवारी ठीक, दाबलं की "हां तिथेच", ते स्नायूचं?

मंजिरी_फिजिओ: बहुतेक वेळा हो. पण आखडलेल्या स्नायूचा ठणकाही दंडात उतरतो, म्हणून "खाली गेलं म्हणजे नस" असं समजू नका. बधिरपणा आणि कमी झालेली ताकद यांवर लक्ष ठेवा. एका बाजूची नस दबल्याचं दुखणं बहुतेकांचं 6 ते 12 आठवड्यांत औषध-व्यायामाने निवळतं. ताकद घटत असेल तर तेवढं थांबू नका. दोन्ही हात बोथट, शर्टाची बटणं लागेनात, चालताना झोक जातो, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जू दबला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

निशिगंध: हातपाय दोन्हीकडे मुंग्या, आणि पूर्ण शाकाहारी असाल तर बी12 पण तपासा. आमच्याकडे मानेच्या नावाखाली तेच राहून गेलं होतं.

शैला_ताई: धन्यवाद मंजिरी. उद्याच नंबर लावते.

गोधूलि: उशीचं काय? आमचे हे म्हणतात उशी काढून टाका, सासूबाई म्हणतात दोन घ्या.

मंजिरी_फिजिओ: कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी एक.

अनघा_पुणे: पण पोटावर झोपणाऱ्यांनी? आमच्याकडे दोघं तसेच आहेत.